तक्ता उतरवताना

सरासरी, मध्यक आणि पसारा काढायचा प्रश्न घेऊन कुणी येतं, तेव्हा सोबत बहुतेक वेळा पुस्तकाच्या पानाचा फोटो असतो. पान शिवणीपाशी वळलेलं, शेवटची ओळ अंगठ्याखाली गेलेली, आणि खाली एकच वाक्य: ‘उत्तर जुळत नाही.’ अशा वेळी सांख्यिकी शिकवणारा जो पहिला निरोप धाडतो, तो विचारणाऱ्याला जरा तुसडा वाटतो. तक्ता स्वतः टाइप करून पाठवा, एवढंच त्यात असतं.

यामागे आळस नाही. मूळ पान विचारणाऱ्याच्या हातात आहे. फोटोतला ३ आहे की ८ हे त्यालाच बघता येतं. आणि दुसरं म्हणजे, उत्तर जुळत नाही याचं कारण पुष्कळदा सूत्रात नसतंच. ते आकडे वहीत, कॅल्क्युलेटरवर किंवा एक्सेलमध्ये उतरवताना घडलेलं असतं. तक्ता तिसऱ्याच कुणी नव्याने टाइप केला तर त्या माणसाचं उत्तर बरोबर येईल, पण विचारणाऱ्याचं का चुकलं ते कुणालाच कळणार नाही. त्याने स्वतः उतरवलेला तक्ता समोर आला की चूक त्या तक्त्यातच सापडते, आणि ती कुठे असावी याचा माग सरासरी, मध्यक आणि पसारा हेच तीन आकडे देतात. तो माग कसा काढायचा ते एका खऱ्या तक्त्यावर पाहू. हा तक्ता जगभरात असंख्य वेळा उतरवला गेला आहे, आणि उतरवताना एकदा चुकलाही आहे.

१९३६ साली रोनाल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने एका लेखात आयरिसच्या दीडशे फुलांची मापं छापली. तीन जातींची पन्नास-पन्नास फुलं होती, आणि मापं घेतली होती एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने. त्यातली सेटोसा जातीची फुलं कॅनडातल्या गास्पे द्वीपकल्पातली. प्रत्येक फुलाची चार मापं होती: निदलाची लांबी आणि रुंदी, पाकळीची लांबी आणि रुंदी. पाकळ्यांच्या खाली जे आवरण असतं ते निदल. आपल्याकडच्या बहुतेक फुलांत ते हिरवं आणि बारकं असतं, आयरिसमध्ये मात्र ते पाकळीसारखंच रंगीत आणि चांगलं मोठं असतं. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये, एका दशांश स्थळापर्यंत. पुढे संगणकावर वर्गीकरण शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हा तक्ता कधी ना कधी येऊ लागला.

आपण त्यातला छोटा तुकडा घेऊ: सेटोसाच्या पन्नास फुलांच्या निदलाची रुंदी. पन्नास आकडे एकाखाली एक लिहिण्याऐवजी कोणती रुंदी किती फुलांची, असा वारंवारता तक्ता केला तर तो सोळा ओळींत मावतो. प्रश्न विचारणाऱ्याने तो असा टाइप करावा:

```
रुंदी(सेमी)  फुले
2.3   1
2.9   1
3.0   6
3.1   4
3.2   5
3.3   2
3.4   9
3.5   6
3.6   3
3.7   3
3.8   4
3.9   2
4.0   1
4.1   1
4.2   1
4.4   1
```

डावीकडे रुंदी, उजवीकडे तेवढ्या रुंदीची फुलं किती. दुसऱ्या रकान्याची बेरीज ५०. ही बेरीज पुस्तकात छापलेली बघून लिहायची नाही, आपण टाइप केलेल्या आकड्यांची करायची. पुस्तकातली बेरीज बरोबरच असणार. आपल्याला स्वतःच्या बोटांची परीक्षा घ्यायची आहे.

सरासरी काढताना प्रत्येक रुंदीला तिच्या वारंवारतेने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती येते १७१.४. भागिले ५० केलं की सरासरी ३.४२८ सेमी. मध्यकासाठी फुलं रुंदीप्रमाणे ओळीने उभी करायची आणि मधल्या फुलाची रुंदी बघायची. पन्नास ही सम संख्या, म्हणून पंचविसावं आणि सव्विसावं अशी दोन फुलं मधली. ३.३ पर्यंत एकोणीस फुलं संपतात, ३.४ ची नऊ फुलं विसाव्या क्रमांकापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत उभी आहेत, तेव्हा मधली दोन्ही ३.४ ची. मध्यक ३.४.

पसारा मोजायच्या रीती अनेक आहेत, त्यातल्या दोनच घेऊ. एक प्रमाण विचलन: प्रत्येक फूल सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज ४९ ने भागायची आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर साधारण ०.३७९ सेमी. (५० ऐवजी ४९ का, ते पुढे येईल.) दुसरी रीत चतुर्थकांची: खालच्या पंचवीस फुलांतलं मधलं, म्हणजे तेरावं फूल ३.२ चं, आणि वरच्या पंचविसांतलं मधलं, म्हणजे एकूण अडतिसावं, ३.७ चं. दोन्हींतलं अंतर ०.५ सेमी. मधली निम्मी फुलं साधारण एवढ्या पट्ट्यात बसतात.

आता हाच तक्ता चुकवून बघू.

सर्वांत सोपी चूक दशांश चिन्ह गळण्याची. मूळ पन्नास आकडे एकेक करून टाइप करताना कुठेतरी ३.४ ऐवजी ३४ पडलं, असं धरू. बेरीज १७१.४ वरून २०२ वर जाते आणि सरासरी ४.०४ होते. मध्यक मात्र ३.४ लाच राहतो. ते एक फूल मधल्या घोळक्यातून उठून रांगेच्या टोकाला गेलं एवढंच. टोकाला ते ४.५ म्हणून उभं आहे की ३४ म्हणून, याने मधल्या दोघांना काही फरक पडत नाही. चतुर्थकंही जागची हलत नाहीत. प्रमाण विचलन मात्र ०.३७९ वरून ४.३४ वर उडी मारतं, अकरा पटींहून जास्त. कारण त्यात अंतराचा वर्ग होतो. वर्गांची एकूण बेरीज येते सुमारे ९२३, आणि त्यातले ८९८ त्या एकट्या चुकीच्या आकड्याचे असतात. उरलेल्या एकोणपन्नास फुलांच्या वाट्याला पंचवीसच.

विचारणाऱ्याने मला एवढे तीन आकडे जरी पाठवले, सरासरी ४.०४, मध्यक ३.४, प्रमाण विचलन ४.३४, तरी तक्ता न बघता सांगता येईल की एखादा आकडा प्रचंड मोठा पडला आहे. रुंदी ऋण असू शकत नाही, आणि प्रमाण विचलन तर सरासरीहूनही मोठं आलं आहे. मधलं फूल ३.४ चं असताना असं व्हायला काही फुलं फारच अवाढव्य असायला हवीत.

पुस्तकाच्या मागे सरासरी ३.४२८ छापलेली असेल तर आणखी पुढे जाता येतं. दोन सरासऱ्यांतला फरक ०.६१२. त्याला ५० ने गुणलं की ३०.६, म्हणजे बेरीज नेमकी एवढ्याने फुगली आहे. या ३०.६ ला ९ ने भागा: ३.४. हा योगायोग नाही. दशांश चिन्ह गळालं की आकडा दहापट होतो, म्हणजे बेरजेत मूळ आकड्याच्या नऊपट भर पडते. तेव्हा फरकाला नऊने भागलं की कोणत्या आकड्याचं चिन्ह गळालं तेच हाती येतं. हिशेबनीस मंडळी नऊची ही युक्ती फार पूर्वीपासून वापरत आली आहेत, कारण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी फरक नऊच्या पटीतच येतो. ३.६ चं ६.३ झालं तर फरक २.७, दशांश चिन्ह बाजूला ठेवलं तर २७. रोकडवही जुळत नसली आणि फरक नऊने भागला जात असला, की पहिला संशय उलटलेल्या अंकांवर.

इथवर वाचून असं वाटेल की मध्यक भक्कम आणि सरासरी लेचीपेची. पाठ्यपुस्तकंही साधारण असंच सुचवतात. दुसरी चूक करून बघू या.

वारंवारता तक्ता टाइप करताना शेजारच्या दोन ओळींचे आकडे अदलाबदल होणं अगदी नेहमीचं. ३.४ समोर ९ आणि ३.५ समोर ६ असायला हवेत, पडले ३.४ समोर ६ आणि ३.५ समोर ९. वारंवारतेची बेरीज अजूनही ५० आहे, तेव्हा आपली पहिली तपासणी या चुकीला बिनघोर पुढे जाऊ देते. सरासरी ३.४२८ वरून ३.४३४ होते, म्हणजे हललीच नाही म्हणायची. प्रमाण विचलनही ०.३७९ च राहतं. आणि मध्यक? ३.४ ची फुलं आता विसाव्या क्रमांकापासून पंचविसाव्यापर्यंतच. सव्विसावं फूल ३.५ चं. मध्यक ३.४५. सरासरी हलली त्याच्या आठपटीहून जास्त मध्यक हलला.

मध्यकाच्या भक्कमपणाची मर्यादा ही आहे. चूक किती मोठी आहे, याची त्याला पर्वा नसते. पण मधल्या रेषेच्या अगदी जवळ कुणी इकडचं तिकडे झालं तर तो लगेच सरकतो. सरासरीचं उलट आहे. तिला चूक कुठे झाली याचं देणंघेणं नाही, बेरीज कितीने बिघडली एवढंच कळतं. म्हणून उत्तर जुळत नाही तेव्हा तिन्हींपैकी काय हललं आणि काय हललं नाही, हे आधी विचारावं. सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही भरकटले आणि मध्यक जागेवर असला, तर टोकाला एखादा राक्षसी आकडा शोधा. मध्यक हलला आणि बाकी दोघे जवळपास तिथेच असले, तर तक्त्याच्या मध्यावरच्या ओळी बोट ठेवून वाचा. या अदलाबदलीला पकडणारी बेरीज वेगळी आहे: रुंदी गुणिले फुलं. ती १७१.४ च्या जागी १७१.७ येते. प्रश्नासोबत ही दुसरी बेरीजही लिहिली तर वाचणाऱ्याचं अर्धं काम होतं.

तिसरी चूक एक्सेलची आहे, आणि ती जास्त त्रासदायक, कारण ती दिसतच नाही. एखाद्या खणात 4.4 ऐवजी 4,4 पडलं, किंवा शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर, तर एक्सेल त्या खणाला आकडा मानत नाही, मजकूर मानतं. `AVERAGE` हे सूत्र मजकुराचे खण गुपचूप वगळतं. तक्रार नाही, लाल खूण नाही. पन्नास फुलांची सरासरी मागितली आणि एकोणपन्नासांची मिळाली. ४.४ चं फूल असं गळालं तर उत्तर येतं ३.४०८१६३…

या उत्तरातच चुकीची कबुली आहे. आपली मापं एका दशांश स्थळापर्यंतची, म्हणून पन्नासांची बेरीजही एकाच दशांश स्थळाची येणार. अशी बेरीज ५० ने भागली की भागाकार तिसऱ्या दशांश स्थळावर संपायलाच हवा, आणि तो तिसरा अंक समच हवा. ३.४२८ शक्य आहे, ३.४३४ शक्य आहे, ३.४२७ शक्य नाही. ३.४०८१६३ तर नाहीच नाही. असं उत्तर दिसलं की समजावं, भाग ५० ने गेलेला नाही. याच तर्काने निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी मानसशास्त्रातले छापील शोधनिबंध तपासले. मोजणी पूर्णांकांत आणि माणसं इतकी, मग छापलेली सरासरी मुळात येऊ तरी शकते का, एवढंच त्यांनी पाहिलं. ज्या निबंधांवर ही तपासणी चालवता आली त्यांपैकी निम्म्याच्या आसपास निबंधांत किमान एक सरासरी अशक्य निघाली. प्रत्येक वेळी लबाडीच असेल असं नाही. माणसांची संख्या चुकीची उतरली तरी हेच होतं.

एक्सेलमध्ये हे ताडून बघायला फार काही लागत नाही:

```
=COUNT(A2:A51)
=COUNTA(A2:A51)
```

पहिलं सूत्र फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेले सगळे खण. दोन्हींची उत्तरं वेगळी आली की कुठेतरी आकड्याच्या वेषात मजकूर बसला आहे. वर्गांतराच्या तक्त्यात एक्सेल याहून उर्मट वागतं. 5-10 असा वर्ग टाइप केला की त्याची तारीख होते. त्यावर साधा उपाय म्हणजे वर्गाची खालची मर्यादा एका रकान्यात आणि वरची दुसऱ्यात.

आता आयरिसच्या तक्त्यात खरोखर काय झालं ते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेने संगणकशास्त्राच्या अभ्यासकांसाठी विदासंचांचं एक भांडार उघडलं. तिथे आयरिसचा तक्ता ठेवला गेला आणि तिथूनच तो सगळीकडे पसरला. पण भांडारातली प्रत आणि फिशरचा छापील लेख तंतोतंत जुळत नव्हते. १९९९ साली जेम्स बेझडेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर एक टिपण लिहिलं: आयरिसच्या एकाहून जास्त प्रती फिरत आहेत, आणि ज्याच्या हाती जी लागली तीच तो खरी धरून चालला आहे.

फरक दोन ओळींत होता. पस्तिसाव्या फुलाची मापं फिशरच्या लेखात ४.९, ३.१, १.५, ०.२ अशी आहेत, भांडारात शेवटचं ०.२ चं ०.१ झालं. अडतिसावं फूल मुळात ४.९, ३.६, १.४, ०.१, भांडारात ते ४.९, ३.१, १.५, ०.१. आता याच तक्त्यातलं दहावं फूल बघा: ४.९, ३.१, १.५, ०.१. मुळातच ते तसं आहे. भांडारातल्या प्रतीत दहावी, पस्तिसावी आणि अडतिसावी अशा तिन्ही ओळी अक्षरशः सारख्या झाल्या. नेमकं काय घडलं ते पाहायला तिथे कुणी नव्हतं, पण तक्ते उतरवणाऱ्या कुणालाही ही खूण ओळखीची वाटेल. तिन्ही ओळींची सुरुवात ४.९ ने होते, आणि पान आणि पडदा यांच्यामध्ये ये-जा करताना डोळा सारख्या सुरुवातीच्या दुसऱ्याच ओळीवर जाऊन बसतो.

आपल्या रुंदीच्या रकान्यात याचा परिणाम एवढाच: एक ३.६ जाऊन ३.१ आला. सरासरी ३.४२८ वरून ३.४१८. मध्यक ३.४, जसाच्या तसा. प्रमाण विचलन ०.३७९ वरून ०.३८१. ३.४१८ चा शेवटचा अंक समच आहे, म्हणजे मघाची शक्य-अशक्यची तपासणीही इथे गप्प. ३.१ ही या जातीची अगदी साधी रुंदी, तेव्हा आकडा विचित्र दिसत नाही. वारंवारता ५० च. एवढ्या सगळ्या चाळण्यांतून ही चूक निसटते. सापडते ती एकाच वाटेने, मूळ बेरजेशी ताडून: ०.०१ गुणिले ५० म्हणजे ०.५. कुठेतरी अर्धा सेंटिमीटर हरवला आहे. दशांश चिन्ह सोडून ५ हा नऊने भागला जात नाही, म्हणजे अंक उलटलेले नाहीत आणि चिन्हही गळालेलं नाही. एकच आकडा चुकला असेल, तर त्याच्या जागी अर्ध्या सेंटिमीटरने लहान असा दुसराच आकडा आला आहे.

चतुर्थकांचं काय झालं? मूळ तक्त्यात ३.१ पर्यंत बारा फुलं होती, तेरावं ३.२ चं. आता ३.१ पर्यंत तेरा झाली. तेरावं फूल ३.१ चं, म्हणजे खालचं चतुर्थक ३.२ वरून ३.१ वर सरकलं, आणि चतुर्थकांतलं अंतर ०.५ चं ०.६ झालं. दशांश गळण्याच्या ढोबळ चुकीने ज्या मापाला धक्काही लागला नव्हता, ते या बारीकशा चुकीने वीस टक्क्यांनी वाढलं. फूल नेमकं सीमेवरून ओलांडून गेलं, एवढंच त्याचं कारण. पसाऱ्याचं एकच माप पुरेसं असतं असं मला कधीच वाटलेलं नाही, आणि हा तक्ता माझ्या बाजूने साक्ष देतो.

मूळ आकडे स्वतः बघायचे असतील तर R या मोफत संगणकप्रणालीत हा तक्ता आधीपासून ठेवलेला असतो, आणि तो फिशरच्या लेखाशी जुळणारा आहे:

```r
x <- iris$Sepal.Width[1:50]
table(x)
mean(x); median(x); sd(x)
```

पहिल्या पन्नास ओळी सेटोसाच्या. `scikit-learn` या संचात आधी भांडारातलीच चुकीची प्रत होती. त्याच्या ०.२० या आवृत्तीत त्या दोन ओळी दुरुस्त झाल्या. त्यामुळे जुन्या वहीतलं उत्तर आणि आजचं उत्तर दुसऱ्या दशांश स्थळावर वेगळं आलं, तर आधी आवृत्ती विचारावी.

कधी कधी तक्ता काटेकोर उतरलेला असतो आणि तरीही प्रमाण विचलन जुळत नाही. तिथे ४९ चा तो प्रश्न येतो. हातात आहेत तीच सगळी फुलं, असं मानलं तर वर्गांची बेरीज ५० ने भागायची, उत्तर ०.३७५. ही पन्नास फुलं मोठ्या ताटव्यातला नमुना आहेत आणि आपल्याला ताटव्याचा पसारा हवा आहे, असं मानलं तर ४९ ने, उत्तर ०.३७९. एक्सेलमध्ये पहिल्यासाठी `STDEV.P`, दुसऱ्यासाठी `STDEV.S`. R मधलं `sd` नेहमी दुसरंच देतं, तर शाळेच्या पुस्तकांतली सूत्रं बहुधा पहिली. चतुर्थकांबाबतही असंच. आपण निम्म्या भागाचा मध्यक घेतला म्हणून वरचं चतुर्थक ३.७ आलं, R ची नेहमीची रीत तिथे ३.६७५ सांगते. सरासरी आणि मध्यक दोन्ही जुळत असून फक्त पसारा थोडासा वेगळा येत असेल, तर पुन्हा टाइप करत बसू नये. पुस्तकातलं सूत्र उघडून भाजक बघावा.

प्रश्न पाठवणाऱ्यांपैकी कित्येक जण एकच रकाना टाइप करतात, रुंदीचा. वारंवारतेचा रकाना त्यांना टिपेसारखा वाटतो. त्या सोळा आकड्यांची सरासरी काढली तर ३.५२५ येते आणि मध्यक ३.५५. दोन्ही आकडे दिसायला अगदी सोज्वळ. पण त्यात ३.४ च्या नऊ फुलांना जेवढं वजन, तेवढंच ४.४ च्या एकट्या फुलाला. अशा प्रश्नाला उत्तर देणाऱ्याने आधी एवढंच विचारावं: एकूण किती? सोळा असं उत्तर आलं की पुढचं आपोआप उलगडतं.

म्हणून टाइप केलेल्या तक्त्याखाली चार गोष्टी असाव्यात: एकक, एकूण संख्या, गुणाकारांची बेरीज, आणि पुस्तकातलं उत्तर. आपलं उत्तरही त्याच्या शेजारी, जेवढी दशांश स्थळं यंत्राने दाखवली तेवढी सगळी. ‘साधारण ३.४१’ असं लिहिलं तर वरचा मागोवा जागीच थांबतो. ३.४०८१६३ मधून जे कळतं ते ३.४१ मधून कळत नाही. मध्येच गोल करून टाकायची सवय विद्यार्थ्यांना का लागते कोण जाणे, परीक्षेत मार्क मिळतात म्हणून असेल.

एका प्रकारच्या चुकीपुढे मात्र या तिन्ही आकड्यांचा इलाज चालत नाही. पन्नास फुलांच्या ओळी उतरवताना विसाव्या फुलाची रुंदी एकविसाव्या फुलासमोर पडली आणि एकविसाव्याची विसाव्यासमोर, तर रुंदीच्या रकान्यात तेच पन्नास आकडे राहतात. बेरीज तीच, सरासरी तीच, मध्यक आणि पसाराही तेच. प्रश्न एवढ्यापुरताच असेल तर बिघडलं काहीच नाही. पण पुढचा उपप्रश्न लांबी आणि रुंदी यांच्या संबंधाचा असेल, तर दोन फुलांना एकमेकांची रुंदी मिळालेली आहे, आणि ते कोणतीही बेरीज सांगणार नाही. तिथे दोन माणसं लागतात. एकाने छापील पानावरून ओळीचा क्रमांक आणि चारही मापं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने टाइप केलेल्या कागदावर पेन्सिलीने टिक करत जायचं. वाचणारा ज्याने टाइप केलं तोच नसावा.